व्हिटॅमिन सी आणि सर्दी: रोज घेतलं तर काय, शिंक आल्यावर घेतलं तर काय

प्रश्न: घसा खवखवायला लागला की मी लगेच व्हिटॅमिन सीची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू करतो आणि तीन-चार दिवसांत बरं वाटतं. माझा मित्र म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ आहेत. पण मोठ्या चाचण्यांमध्ये फायदा दिसला होता असंही मी वाचलंय. खरं काय? व्हिटॅमिन सीने सर्दी टळते का, लवकर बरी होते का? आणि सहा वर्षांच्या मुलीला द्यावं का?

उत्तर:

सर्दी टळत नाही. वर्षभर रोज घेत राहिलात तर झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते, मोठ्या माणसांत साधारण अर्धा दिवस. आणि तुम्ही घेता तशी, म्हणजे घसा खवखवल्यावर सुरू केलेली गोळी, हिचा फायदा चाचण्यांमध्ये भरवशाने दिसलेला नाही. तेव्हा तुमचा मित्र निम्मा बरोबर आहे आणि तुम्ही वाचलंत तेही निम्मं बरोबर आहे. घोळ होतो तो रोज घेणं आणि लागण झाल्यावर घेणं या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे.

आधी तुमच्या अनुभवाबद्दल, कारण रुग्ण मला हाच अनुभव सर्वांत जास्त सांगतात. साध्या सर्दीचा एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, मग नाक वाहू लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि तिथून पुढे तो आपोआप उतरणीला लागतो. नाक आणि खोकला पूर्ण थांबायला आठवडा-दहा दिवस लागतात, पण ‘आता बरं वाटतंय’ असं माणूस चौथ्या दिवशी म्हणू लागतो. तुम्ही पहिल्या दिवशी काहीही सुरू केलंत तरी चौथ्या दिवशी श्रेय त्यालाच जाणार. त्यात सगळ्याच खवखवीची पुढे सर्दी होत नाही, हेही लक्षात घ्या. बऱ्याचदा घसा एक दिवस कुरकुरतो आणि सोडून देतो. त्या वेळी गोळी घेतलेली असली की ‘सर्दी वेळीच रोखली’ अशी नोंद मनात होते, आणि गोळी घेऊनही दहा दिवस नाक गळत राहिलं ती वेळ मात्र विसरली जाते. म्हणून इथे एकट्याच्या अनुभवाचा उपयोग नाही. त्याच हंगामात, तशाच दिसणाऱ्या पण व्हिटॅमिन नसलेल्या गोळ्या घेणारी दुसरी शेकडो माणसं शेजारी उभी करावी लागतात.

तशी ती गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत बरीच उभी केली गेली आहेत. विषय लोकांपर्यंत पोचला तो 1970 साली, लायनस पॉलिंग यांच्या व्हिटॅमिन सी आणि सर्दीवरच्या पुस्तकामुळे. पॉलिंग म्हणजे रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळवलेला माणूस, त्यामुळे त्यांचं म्हणणं कोणी सहज झटकून टाकू शकत नव्हतं. त्यांचा मोठा आधार होता स्वित्झर्लंडमधली 1961 ची एक चाचणी. आल्प्समध्ये स्कीइंगच्या शिबिरासाठी गेलेल्या 279 मुलांपैकी काहींना रोज 1 ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं, काहींना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण व्हिटॅमिन नसलेली गोळी. व्हिटॅमिनच्या गटात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हा आकडा खोटा नव्हता. पण तो कडाक्याच्या थंडीत दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या मुलांचा होता. पॉलिंग यांनी तो सगळ्या जगाला लावला, आणि तिथे गाडी घसरली.

पुस्तकानंतर बऱ्याच संशोधकांनी मोठ्या चाचण्या हाती घेतल्या, काहींनी तर हा दावा खोडून काढण्याच्या तयारीनेच. त्या सगळ्यांचा एकत्रित हिशेब आज उपलब्ध आहे. हेलसिंकी विद्यापीठातले हॅरी हेमिला आणि ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ चाल्कर यांनी केलेला, 2013 साली कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेला आढावा हा त्यातला सर्वांत विस्तृत. त्यात रोज किमान 200 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलेल्या आणि प्लासिबोशी तुलना केलेल्या चाचण्याच घेतल्या आहेत. सर्वसाधारण लोकांवरच्या 24 चाचण्या, 10,708 माणसं. निकाल असा, की प्लासिबो घेणाऱ्या गटात ज्या काळात 100 जणांना सर्दी झाली, त्याच काळात तेवढ्याच मोठ्या व्हिटॅमिनच्या गटात ती 97 जणांना झाली. हा तीनाचा फरकही निव्वळ योगायोगापासून जेमतेम वेगळा काढता येतो. इतक्या माणसांमध्ये एवढाच फरक सापडत असेल, तर ‘मी रोज घेतो म्हणून मला सर्दी होत नाही’ या वाक्याला आधार उरत नाही.

सर्दीचा विषाणू थेट नाकात सोडूनही हे तपासलं गेलंय. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ सर्दीवर संशोधन करणारं एक खास केंद्र होतं. तिथे स्वयंसेवक राहायला येत आणि त्यांच्या नाकात मुद्दाम विषाणू घातले जात. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 91 जणांपैकी निम्म्यांना रोज 3 ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं होतं. दोन्ही गटांत सर्दी झालेल्यांची संख्या सारखीच निघाली. हा प्रयोग छोटा आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण मोठ्या चाचण्यांनी पुढे जे सांगितलं त्याच्याशी तो जुळतो.

आता लवकर बरं होण्याचा मुद्दा. खरी गंमत इथे आहे, कारण उत्तर साफ ‘नाही’ असं येत नाही.

टोरोंटोत टेरेन्स अँडरसन यांनी 1971-72 च्या हिवाळ्यात केलेली चाचणी बघा. सुमारे 1,000 स्वयंसेवक घेतले, त्यातले 818 शेवटपर्यंत टिकले. व्हिटॅमिनच्या गटाला रोज 1 ग्रॅम, आणि आजाराची सुरुवात झाली की पहिले तीन दिवस रोज 4 ग्रॅम. पॉलिंग यांचा दावा फोल ठरेल अशीच या मंडळींची अपेक्षा होती. सर्दीच्या संख्येच्या बाबतीत झालंही तसंच, माणशी सर्दीत जेमतेम सात टक्क्यांचा फरक निघाला, जो मोजण्यासारखा नव्हता. पण त्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती: आजारामुळे माणूस किती दिवस घरात अडकला. प्लासिबोच्या गटात हे दिवस माणशी सरासरी 1.87 होते, व्हिटॅमिनच्या गटात 1.30. म्हणजे 30 टक्के कमी, आणि हा फरक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. फरक कुठल्या लक्षणांत पडला तेही पाहण्यासारखं आहे. नाक वाहण्यात फारसा नाही, तर अंग मोडून येणं, थंडी वाजणं, गळून गेल्यासारखं वाटणं यांत. माणूस अंथरूण धरतो तो या लक्षणांमुळे, नुसत्या नाकामुळे नाही.

चाचणी इथेच थांबली असती तर आज प्रत्येक डॉक्टर व्हिटॅमिन सी लिहून देत असता. पण अँडरसन यांनी पुढच्याच हिवाळ्यात ती मोठी करून पुन्हा केली, 2,349 स्वयंसेवकांवर. या वेळी बरेच गट होते. कुणाला रोज 250 मिलिग्रॅम, कुणाला 1 ग्रॅम, कुणाला 2 ग्रॅम, काहींना फक्त आजारी पडल्याच्या पहिल्या दिवशी 4 किंवा 8 ग्रॅम. प्लासिबोचा गट एक नव्हता, दोन होते. फायदा दिसला, पण पहिल्यापेक्षा खूप कमी. डोस वाढवला म्हणून फायदा वाढला, असंही दिसलं नाही. आणि ज्यांच्या गोळीत काहीच नव्हतं अशा त्या दोन प्लासिबो गटांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. एका गटातल्या लोकांना दुसऱ्यापेक्षा कमी त्रास झाला, दोघांनीही सारखंच ‘काही नाही’ घेऊन. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. कोणाला सर्दी कितपत जाणवते यात मुळातच एवढा चढउतार असतो, की अर्ध्या दिवसाचा परिणाम त्यात सहज बुडून जातो. एखाद-दुसऱ्या चाचणीतला 30 टक्क्यांचा आकडा वाचून हुरळून जायचं नाही ते याचसाठी.

मग सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर काय उरतं? कोक्रेनच्या त्याच आढाव्यात रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांच्या, आणि तुलनेसाठी प्लासिबो घेणाऱ्यांच्या, मिळून 9,745 सर्दींचा कालावधी मोजलेला आहे. मोठ्यांमध्ये सर्दी सरासरी 8 टक्क्यांनी लहान झाली, लहान मुलांमध्ये 14 टक्क्यांनी. मोठ्यांचा खरा आकडा 3 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे. टक्क्यांमधून काही कळत नाही, म्हणून तासांत मांडू. तुमची सर्दी एरवी सात दिवस, म्हणजे 168 तास टिकते असं धरा. त्याचे 8 टक्के म्हणजे साधारण 13 तास. खालचा अंदाज धरला तर 5 तास, वरचा धरला तर 20. वर्षातून तुम्हाला तीन वेळा सर्दी होत असेल तर सगळे मिळून वाचतात सुमारे 40 तास, आणि त्यासाठी गोळी घ्यायची वर्षाचे 365 दिवस. वाचणारे हे तासही सर्दीच्या शेपटाचे असू शकतात, जेव्हा तुम्ही कामावर परतलेले असता आणि फक्त रुमाल हाताशी लागतो. काहींना हा सौदा पटतो, काहींना नाही. मला विचाराल तर मी स्वतः घेत नाही, पण घेणाऱ्याला वेड्यातही काढणार नाही.

2023 साली हेमिला आणि चाल्कर यांनी रोज 1 ग्रॅम किंवा जास्त घेतलेल्या चाचण्या पुन्हा चाळल्या, या वेळी तीव्रतेच्या अंगाने. त्रास सरासरी 15 टक्क्यांनी कमी निघाला, आणि फायदा हलक्या लक्षणांपेक्षा जड लक्षणांत जास्त दिसला. टोरोंटोच्या पहिल्या चाचणीत घरात अडकण्याचे दिवस कमी झाले होते, त्याच्याशी हे सुसंगत आहे. तरी हेही रोज घेणाऱ्यांबद्दलच आहे, हे विसरू नका.

तुमच्या मित्राच्या ‘मनाचे खेळ’ या म्हणण्यालाही एक वजनदार आधार आहे, तो सांगितला नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने आपल्याच कर्मचाऱ्यांवर केलेली चाचणी 1975 साली प्रसिद्ध झाली. 311 जणांचे चार गट पाडले. एका गटाला रोजही प्लासिबो आणि सर्दी झाल्यावरही प्लासिबो. दुसऱ्याला रोज प्लासिबो, सर्दीत व्हिटॅमिन. तिसऱ्याला रोज व्हिटॅमिन, सर्दीत प्लासिबो. चौथ्याला दोन्ही वेळा व्हिटॅमिन. रोजचा डोस 3 ग्रॅम, सर्दीतला जादा डोसही 3 ग्रॅम, आणि मुदत नऊ महिने. आखणी उत्तम होती, कारण रोज घेण्याचा आणि सर्दीत घेण्याचा परिणाम यातून वेगवेगळा काढता येतो. निकालही नीटनेटका आला: काहीच न मिळालेल्यांची सर्दी सरासरी 7.1 दिवस, 3 ग्रॅम मिळालेल्यांची 6.5 आणि एकूण 6 ग्रॅम मिळालेल्यांची 5.9 दिवस. डोस वाढतोय तसे दिवस घटतायत. हे चित्र पाहून कोणीही म्हणेल, सिद्ध झालं.

पण चाचणी चालू असतानाच संशोधकांच्या कानावर आलं, की काही जण कॅप्सूल उघडून आतली पूड चाखून बघतायत. व्हिटॅमिन सी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, जिभेला आंबट. प्लासिबो होता लॅक्टोज, जिभेला गोडसर. एका चिमटीत गुपित फुटतं. शेवटी सगळ्यांना प्रश्नावली दिली, आणि आपल्याला काय मिळत होतं हे बऱ्याच जणांनी बरोबर ओळखलेलं निघालं. मग ज्यांना ओळखता आलं नव्हतं तेवढेच वेगळे काढून आकडे पाहिले, तर त्यांच्यात कालावधीचा फरक नाहीसा झाला. शिवाय 311 पैकी शेवटपर्यंत राहिले फक्त 190. आपल्याला प्लासिबो मिळतोय असं कळलेला माणूस नऊ महिने गोळ्या कशाला गिळत बसेल?

सर्दीच्या चाचणीत हे फार महत्त्वाचं ठरतं, कारण इथे मोजायला रक्ताची तपासणी नसते. सर्दी संपली कधी, हे रुग्णच सांगतो. नाकात किंचित ओलावा आहे, दिवसातून दोनदा शिंक येते, तर त्या दिवसाला ‘सर्दी’ म्हणायचं की ‘बरा झालो’? खरं औषध मिळतंय असं वाटणारा माणूस तो दिवस ‘बरा’त टाकतो, प्लासिबो मिळतोय असा संशय असणारा ‘सर्दी’त. एवढ्यावर अर्ध्या दिवसाचा फरक सहज तयार होतो, आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नसतं.

म्हणून सगळा फायदा मनाचाच, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. हेमिला यांनी 1996 मध्ये या चाचणीचे आकडे पुन्हा तपासले आणि ‘ओळखता न आलेले’ वेगळे काढून केलेलं विश्लेषण त्या निष्कर्षाचं वजन पेलत नाही असं दाखवलं. मूळ संशोधकांपैकी थॉमस चाल्मर्स यांना ते मान्य झालं नाही आणि दोघांचा वाद छापून आला. तो बाजूला ठेवला तरी, छोटा पण त्याच दिशेचा परिणाम वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी केलेल्या अनेक चाचण्यांत पुन्हा पुन्हा येतो. सगळीकडेच लोक कॅप्सूल फोडून चाखत बसले असतील, हे पटत नाही. प्लासिबोत आंबट पदार्थ घातला की ही पंचाईत टळते. तेव्हा यापुढे कोणी तुम्हाला ‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणून सर्दीवरच्या कुठल्याही गोळीचा दाखला दिला, तर पहिला प्रश्न हाच विचारा, की त्यातला प्लासिबो चवीला कसा होता आणि शेवटी लोकांना ओळखता आलं का. झिंकच्या चघळायच्या गोळ्यांच्या चाचण्यांतही नेमकी चवीचीच अडचण येते.

आता तुमची पद्धत, खवखव सुरू झाल्यावर गोळी. आजार सुरू झाल्यानंतरच व्हिटॅमिन सी दिलेल्या चाचण्या मुळात थोड्या आहेत. कोक्रेनच्या आढाव्यात अशा 7 तुलना आणि 3,249 सर्दी आहेत, आणि त्यांत ना कालावधीवर, ना तीव्रतेवर सातत्याने काही परिणाम दिसतो. अपवाद म्हणून टोरोंटोच्या दुसऱ्या चाचणीतला 8 ग्रॅमचा गट दाखवला जातो. पहिल्याच दिवशी 8 ग्रॅम घेतलेल्यांपैकी 46 टक्के आजार एका दिवसात आटोपले, 4 ग्रॅम घेतलेल्यांपैकी 39 टक्के. हा एक धागा आहे, पुरावा नाही. ज्या चाचणीत दोन प्लासिबो गट आपसात जुळत नव्हते तिच्यातलाच हा फरक आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचायचा. तुमचा डोस तर दिवसाला 1 ग्रॅमच आहे.

रोज घेतल्याने जे थोडंफार होतं ते उशिरा सुरू केल्यावर का होऊ नये, याचं एक पटण्याजोगं कारण सांगता येतं. व्हिटॅमिन सी पांढऱ्या पेशींमध्ये रक्तापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात साठवलेलं असतं. मार्क लेव्हीन यांनी 1996 साली निरोगी तरुणांवर बारकाईने केलेल्या मोजमापात दिसलं, की रोज 100 मिलिग्रॅमच्या आसपासच या पेशी पूर्ण भरतात, आणि 200 ते 400 मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळीही फारशी वाढत नाही. 200 मिलिग्रॅमची मात्रा आतड्यातून जवळजवळ सगळी शोषली जाते, सव्वा ग्रॅमच्या मात्रेतलं निम्म्याहून कमी. शोषलेल्यातला जादा भाग मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतण्यासारखं आहे ते. तुमच्या आहारात भाज्या-फळं नेहमीची असतील तर हंडा बहुधा आधीच भरलेला आहे. त्यातून घशाची खवखव जाणवते तोवर विषाणू नाकात कामाला लागून दिवस-दोन दिवस झालेले असतात. ज्यांच्या आहारात व्हिटॅमिन सी खरोखरच कमी पडतं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते भरून काढायलाच हवं, सर्दी असो वा नसो.

एका गटात मात्र प्रतिबंध खरा दिसतो, आणि स्वित्झर्लंडच्या त्या मुलांचं कोडं इथे सुटतं. मॅरेथॉन धावपटू, स्कीइंग करणारे आणि अतिथंड प्रदेशात कवायती करणारे सैनिक अशा एकूण 598 जणांवरच्या 5 चाचण्यांत व्हिटॅमिन सीने सर्दी होण्याची शक्यता जवळपास निम्मी झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 90 किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत धावणाऱ्यांना आधीचे तीन आठवडे रोज 600 मिलिग्रॅम दिलं, तर शर्यतीनंतरच्या पंधरवड्यात त्यांच्यातल्या 33 टक्क्यांना नाक-घशाचा त्रास झाला, प्लासिबो घेणाऱ्या धावपटूंपैकी 68 टक्क्यांना. न धावणाऱ्या सोबत्यांमध्ये असा ठळक फरक नव्हता. म्हणजे शरीर कमालीच्या ताणाखाली असेल, थोड्या दिवसांपुरतं, तेव्हा याचा उपयोग होत असावा. चाचण्या छोट्या आहेत, तरी एकाच दिशेला बोट दाखवतात. तुम्ही सकाळी अर्धा तास चालता किंवा जिममध्ये जाता म्हणून या गटात बसत नाही. पुढच्या महिन्यात मॅरेथॉन धावणार असाल तर आधीचे तीन आठवडे रोज अर्धा ग्रॅम घ्यायला माझी हरकत नाही.

आता मुलगी. मुलांमध्ये आकडा जास्त चांगला आहे, हे खरं. रोज 1 ते 2 ग्रॅम दिलेल्या चाचण्यांत तर सर्दी 18 टक्क्यांनी लहान झाली. पण अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांनी 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी ठरवलेली सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला 650 मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्या डोसने 18 टक्के फायदा दिसला, तो तुमच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी मर्यादेच्या दीडपट ते तिप्पट होतो. हा डोस तिला वर्षभर रोज द्यायचा आणि त्या बदल्यात प्रत्येक सर्दीतला सुमारे एक दिवस वाचवायचा, हे मी सुचवणार नाही. आणि सर्दी झाल्यावर सुरू करण्याबद्दल म्हणाल, तर आढाव्यातल्या उपचाराच्या चाचण्यांपैकी एकही मुलांवर झालेली नाही. चघळायच्या गोळ्या गोड लागतात आणि मुलं त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या मागतात, म्हणून डबी हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्या आम्ल असल्याने रोज दाताला घोळत राहिल्या तर दातावरच्या आवरणालाही बरं नाही. तिचं नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब आणि भरपूर पाणी यांचा उपयोग जास्त होईल. श्वास भराभर चालला असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा ताप तीन दिवसांनंतरही टिकून असेल, तर मात्र व्हिटॅमिनचा विचार बाजूला ठेवून तिला डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही स्वतः सर्दीत चार-पाच दिवस 1 ग्रॅम घेताय, त्याने निरोगी माणसाला अपाय होण्याची शक्यता कमी आहे. मोठ्यांची कमाल मर्यादा 2 ग्रॅम मानतात, त्यापुढे जुलाब आणि पोटात कळा येऊ लागतात. रोज घ्यायचं ठरवलंत तर एक प्रश्न मी आवर्जून विचारतो: कधी मुतखडा झाला होता का? शरीरात व्हिटॅमिन सीचा काही भाग ऑक्झॅलेटमध्ये, म्हणजे बरेचसे मुतखडे ज्याचे बनतात त्या पदार्थात, बदलतो, आणि स्वीडनमधल्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत (2013) नुसत्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. ती चाचणी नव्हती, पाहणी होती, पण मुतखड्याचा इतिहास असलेल्याला मी एवढ्यावरच नको म्हणतो. शरीरात लोह साठण्याचा आजार किंवा जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तरी जास्त डोस टाळायचा. आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही: शौचातलं न दिसणारं रक्त तपासायची जी जुन्या पद्धतीची चाचणी असते, तिच्यावर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसचा परिणाम होतो आणि रक्त असूनही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. लघवीतली साखर पट्टीने पाहतानाही असंच फसायला होतं. अशी काही तपासणी ठरलेली असेल तर तीन दिवस आधीपासून गोळी बंद ठेवा, आणि नमुना देताना लॅबमध्ये तसं सांगा.